चार ताऱ्यांची कात्री खाली आणि साडेतीनची वर का?
(ऑनलाइन दुकानातील ‘प्रायोजित’ मालाविषयी एका गिऱ्हाइकाचे पत्र)

मिरजेत तीस वर्षे शिलाईचे दुकान चालवणाऱ्या एका टेलरमास्तरांनी एका ऑनलाइन दुकानाला पाठवलेल्या पत्राची नक्कल आमच्याकडे दिली. ‘तुम्ही व्यापाराचे पान लिहिता, तर यातले खरे-खोटे सांगा,’ असे ते म्हणाले. मास्तरांना दहा इंची कात्री हवी होती. मोबाइलवर शोध घेतला तेव्हा सर्वांत वर जी कात्री दिसली ती त्यांनी मागवली. वर आहे म्हणजे चांगली असणार, असा साधा हिशेब. तीन आठवड्यांत जीन्सचे दोन पदर एकदम कापताना पाती हलू लागली आणि कापड दाताखाली धरल्यासारखे दुमडू लागले. परत त्याच ठिकाणी पाहिले, तेव्हा पाच माल खाली मेरठची एक कात्री होती. तिला जास्त तारे होते आणि तारे देणारी माणसेही कितीतरी जास्त होती. मास्तरांचे पत्र असे:

‘मा. तक्रार निवारण अधिकारी यांस,
महोदय, वि. वि. आपल्या दुकानात “टेलर कात्री १० इंच” असा शोध घेतला असता पहिल्या चार जागी आलेल्या मालापैकी पहिल्या कात्रीला ३८ गिऱ्हाइकांनी मिळून ३.७ तारे दिले आहेत. सहाव्या जागी असलेल्या कात्रीला २१०० गिऱ्हाइकांनी ४.५ तारे दिले आहेत. आमच्या धंद्यात जो माल चांगला तो आम्ही गिऱ्हाइकापुढे आधी ठेवतो. आपण कमी पसंतीचा माल वर कोणत्या कारणाने ठेवता? वरच्या चार मालांवर बारीक अक्षरात “Sponsored” असे लिहिले आहे ते मला नंतर दिसले. त्याचा अर्थ काय आणि त्यासाठी कोणी किती पैसे भरले, हे कळावे. आपला विश्वासू.’

पत्र सरळ आहे आणि प्रश्नही रास्त आहे. परंतु त्यात दोन वेगळे प्रश्न एकत्र झाले आहेत. पैसे भरून वर येणारा माल कसा वर येतो, हा एक. आणि पैसे न भरलेल्या मालातही जास्त ताऱ्यांचा माल नेहमी वर का नसतो, हा दुसरा. दोन्हींची उत्तरे वेगळी आहेत, म्हणून एकेक घेऊ.

एका पानावर दोन याद्या

आपण शोधाचे शब्द लिहितो तेव्हा दुकानाचा संगणक एक यादी करत नाही, दोन करतो. पहिली यादी त्या शब्दांना जुळणाऱ्या मालाची. तिच्यात क्रम ठरवताना नाव जुळते का, तो माल आजवर किती विकला, किंमत काय, आपल्या पिनकोडला किती दिवसांत पोहोचेल, शिल्लक आहे का, अशा अनेक गोष्टी पाहिल्या जातात. दुसरी यादी जाहिरातीची. ज्या विक्रेत्यांनी ‘हे शब्द कोणी शोधले तर माझा माल दाखवा’ असे सांगून पैसे देण्याचे कबूल केले आहे, त्यांचीच नावे तिच्यात असतात. नंतर दोन्ही याद्या एकात एक गुंफून एकच पान आपल्यापुढे येते. पहिल्या दोन-चार जागा जाहिरातीच्या, मग काही साध्या, मग पुन्हा एखादी जाहिरात, अशी साधारण रचना असते.

आपल्या बाजारात ही गोष्ट अगदीच नवी नाही. किराणा दुकानात गल्ल्याजवळच्या मांडणीवर अमुक कंपनीचाच साबण का दिसतो, हे दुकानदाराला माहीत असते. त्या जागेसाठी कंपनी त्याला योजना देते, जादा सूट देते किंवा मांडणीचे पैसे देते. फरक एवढाच की तेथे गिऱ्हाईक दुकानदाराला विचारू शकते, ‘चाचा, यातला चांगला कोणता?’ आणि दुकानदाराला उद्या त्याच गिऱ्हाइकाला तोंड दाखवायचे असते. मोबाइलच्या पानावर विचारायला कोणी नसते, म्हणून वरची जागा हीच शिफारस समजली जाते. मास्तरांचे तेच झाले.

जागेचा लिलाव कसा होतो

जाहिरातीच्या यादीतला क्रम लिलावाने ठरतो. हा लिलाव वर्षाचा किंवा महिन्याचा नसतो. कोणी शोध घेतला की त्याच क्षणी होतो आणि डोळ्याची पापणी लवण्याआधी संपतो. विक्रेता बोली लावतो ती माल दाखवण्याची नसते, तर गिऱ्हाइकाने त्या मालावर बोट ठेवून तो उघडण्याची. उघडला तर पैसे, नुसता दिसला तर नाही. उघडून गिऱ्हाइकाने माल घेतला नाही, तरी पैसे द्यावेच लागतात.

आता दुकानाच्या बाजूने पाहा. बोट ठेवले तरच पैसे मिळणार, तर नुसती मोठी बोली त्याच्या कामाची नाही. ज्या मालावर कोणी बोटच ठेवत नाही त्याची बोली शंभर रुपये असली तरी मिळकत शून्य. म्हणून दुकान बोलीला ‘बोट ठेवले जाण्याच्या शक्यतेने’ गुणते. समजण्यासाठी आम्ही एक हिशेब मांडतो. यातले आकडे उदाहरणाचे आहेत.

एका विक्रेत्याने दर उघडण्याला १२ रुपयांची बोली लावली. त्याची कात्री हजार वेळा दाखवली तर ८ जण उघडतात. १२ गुणिले ८, म्हणजे हजारामागे ९६ रुपये. दुसऱ्याने ६ रुपयांचीच बोली लावली, पण त्याचे चित्र चांगले आहे, किंमत बेताची आहे, त्यामुळे हजारामागे २० जण उघडतात. ६ गुणिले २०, म्हणजे १२० रुपये. बोली निम्मी असूनही दुसरा वर येतो. तिसरा मेरठचा कारागीर. त्याची कात्री हजारात ३० जण उघडतील, पण त्याने बोलीच लावलेली नाही. शून्याला कशानेही गुणले तरी शून्यच. तो या यादीतच नाही.

जिंकलेल्याला पूर्ण ६ रुपये द्यावे लागतात असेही नाही. अनेक ठिकाणी अशी रीत आहे की खालच्या माणसाला मागे टाकायला जेवढे लागतात, तेवढेच घ्यायचे. खालच्याचे ९६ आहेत. ९६ भागिले २०, म्हणजे ४ रुपये ८० पैसे, आणि वर एखादा पैसा. उद्या खालच्याने आपली बोली १२ वरून १४ केली, तर त्याचे ११२ होतील आणि वरच्याला त्याच जागेसाठी ५ रुपये ६० पैसे मोजावे लागतील. माल तोच, जागा तीच, भाडे मात्र शेजाऱ्याच्या मनावर.

यावरून मास्तरांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. जाहिरातीच्या यादीत तारे थेट मोजले जात नाहीत. कमी तारे पाहून लोक बोट ठेवायचे टाळतात, तेवढ्यापुरता त्यांचा परिणाम होतो. परंतु ३.७ तारे दिसायला फार वाईट नाहीत, वरची जागा आहे, चित्र चकचकीत आहे, लोक उघडतात. आणि जो बोली लावत नाही तो ४.५ चा असो की ५ चा, त्या चार जागांच्या स्पर्धेत त्याचा विचारच होत नाही.

एक गोष्ट विक्रेत्याच्या बाजूनेही सांगितली पाहिजे. नवा माल विकला गेल्याशिवाय वर येत नाही आणि वर आल्याशिवाय विकला जात नाही. या फेऱ्यातून बाहेर पडायला चांगला कारागीरही काही दिवस जाहिरात करतो. म्हणून प्रायोजित माल वाईटच, असे समजू नये. प्रायोजित याचा अर्थ इतकाच की ही जागा गुणाने मिळालेली नाही, पैशाने मिळालेली आहे. गुण आपण वेगळे पाहायचे.

ताऱ्यांचा हिशेब

आता दुसरा प्रश्न. जाहिराती बाजूला काढल्या तरी जास्त ताऱ्यांचा माल सर्वांत वर नसतो, हे का? याचे एक कारण योग्यही आहे. समजा, एका कात्रीला ३ माणसांनी मिळून ५ तारे दिले आणि दुसरीला २००० माणसांनी मिळून ४.४. नुसते तारे पाहिले तर पहिली वर हवी. पण ती तीन माणसे विक्रेत्याचे भाऊ, मेहुणा आणि शेजारी असू शकतात.

म्हणून जाणकार एक युक्ती करतात. प्रत्येक मालाच्या खात्यात सुरुवातीलाच काही साधारण मते टाकून ठेवायची. उदाहरणार्थ, ४ ताऱ्यांची २० मते. पहिल्या कात्रीची ३ मते ५ ची, म्हणजे १५. त्यात २० मतांचे ८० मिळवले, ९५ झाले. त्याला २३ ने भागले तर ४.१३. दुसरीची २००० मते ४.४ ची, म्हणजे ८८००. त्यात ८० मिळवून २०२० ने भागले तर सुमारे ४.४०. मते भरपूर असली की ही २० मते त्यात विरघळून जातात. मते थोडी असली की तीच भारी पडतात आणि फुगलेला आकडा खाली ओढतात. हा हिशेब कागद-पेन्सिलीने घरीही करता येतो. मास्तरांच्या दोन कात्र्यांना तो लावला तर वरची ३.७ वरून ३.८ होते आणि खालची ४.५ च राहते. म्हणजे त्यांचा संशय बरोबर होता.

‘गिऱ्हाइकांच्या पसंतीनुसार लावा’ अशी सोय पुष्कळ ठिकाणी असते. ती वापरली तर एकाच माणसाने ५ तारे दिलेला माल वर येण्याचा धोका आहे, आणि काही ठिकाणी तसा क्रम लावल्यावरही जाहिराती आपल्या जागी राहतात. शिवाय ताऱ्यांतही गफलत असते. आठ इंची, दहा इंची आणि बारा इंची कात्र्या एकाच नोंदीखाली ठेवल्या तर तिघींची मते एकत्र मोजली जातात. आठ इंची चांगली निघाली म्हणून दहा इंचीला तारे मिळतात. म्हणून मते वाचताना ‘कोणते माप घेतले’ ही ओळ पाहावी, आणि पाच ताऱ्यांची मते सोडून दोन व तीन ताऱ्यांची वाचावीत. ‘पाती सैल झाली’, ‘धार पंधरा दिवसांत गेली’ अशा कामाच्या गोष्टी तेथेच सापडतात.

जाहिरात ओळखायची कशी

मालाच्या नावाच्या वर किंवा चित्राच्या कोपऱ्यात फिक्या करड्या अक्षरात ‘Sponsored’, नुसते ‘Ad’ किंवा मराठी पानावर ‘प्रायोजित’ असे असते. मोबाइलवर ते अगदी बारीक दिसते, उन्हात तर दिसतच नाही. दुसरी खूण अशी की तोच माल त्याच पानावर दोनदा दिसतो. एकदा वर आणि एकदा खाली. खालची जागा ही त्याची स्वतःची, वरची विकत घेतलेली. दोन जागांत जितके अंतर, तितके काम पैशाने केले असे समजावे. मास्तरांनी आमच्यासमोर पुन्हा शोध घेतला, तेव्हा ती ३.७ ची कात्री तिसऱ्या पानावर दुसऱ्यांदा सापडली.

तिसरी गोष्ट, ‘आमची निवड’ किंवा ‘सर्वाधिक खप’ अशा पट्ट्या वेगळ्या आणि प्रायोजित वेगळे. पट्टी दुकान स्वतः लावते, ती कोणत्या कसोटीवर लावली हे पट्टीवर बोट ठेवल्यावर कधी कळते, कधी नाही.

पत्राने काय साधते

भारतात ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम जुलै २०२० पासून लागू आहेत. त्यातल्या दोन गोष्टी मास्तरांच्या कामाच्या आहेत. पहिली, दुसऱ्या विक्रेत्यांचा माल विकणाऱ्या दुकानाने मालाचा क्रम मुख्यतः कोणत्या गोष्टींवरून ठरतो आणि त्यातली कोणती किती महत्त्वाची, हे सोप्या भाषेत सर्वांना दिसेल असे मांडले पाहिजे. दुसरी, तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यावी आणि एक महिन्यात तिचे निवारण करावे. त्यानंतर ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात जाहिरात दुसऱ्याच रूपात लपवून दाखवणे हा एक वेगळा प्रकार म्हणून नोंदवला आहे.

मात्र कायदा कोठे थांबतो तेही समजून घ्यावे. जाहिरातीचा माल वर ठेवू नये असे तो म्हणत नाही. चांगल्या ताऱ्यांचा माल आधी दाखवा अशी सक्तीही करत नाही. जाहिरात ही जाहिरात म्हणून ओळखू आली पाहिजे आणि क्रमाच्या कसोट्या सांगितल्या पाहिजेत, इतकेच मागता येते. कोणी किती पैसे भरले हे दुकान सांगणार नाही. तो विक्रेत्याशी झालेला खासगी व्यवहार आहे.

मास्तरांना दोन दिवसांत पोच मिळाली आणि नऊ दिवसांनी उत्तर आले, ‘आमचे निकाल आपल्या गरजेनुसार दाखवले जातात.’ या उत्तरात काहीच नाही, पण त्याला प्रश्नही थोडा जबाबदार होता. ‘कमी पसंतीचा माल वर का’ असे विचारले की गोलमाल उत्तर देता येते. म्हणून दुसरे पत्र आम्ही त्यांच्याबरोबर बसून लिहिले. त्यात तारीख, वेळ, शोधाचे नेमके शब्द, पिनकोड आणि पानाचे चित्र जोडले. प्रश्न तीनच ठेवले. मालाचा क्रम ठरवण्याच्या कसोट्या आपण कोठे प्रसिद्ध केल्या आहेत, ते पान कळवावे. सोबतच्या चित्रातील पहिल्या चार जागा जाहिरातीच्या आहेत काय, होय की नाही. ‘Sponsored’ हा शब्द किंमत व नाव यांपेक्षा इतका फिका व बारीक का ठेवला आहे.

या वेळी उत्तर सतरा दिवसांनी आले. चारही जागा जाहिरातीच्या होत्या हे मान्य केले आणि कसोट्यांच्या पानाचा पत्ता दिला. त्या पानावर ग्राहकांची मते ही पाच-सहा कसोट्यांपैकी एक असल्याचे लिहिले आहे. बारीक अक्षराबद्दल ‘आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे’ एवढेच. कात्रीचे पैसे मिळाले नाहीत, कारण परत करण्याची मुदत संपली होती. महिन्यात उत्तरच आले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तेथे मराठीतही बोलता येते. पहिल्या पत्राची पोच तेव्हा हाताशी हवी.

आपण विक्रेते असाल तर

आपल्या वाचकांपैकी अनेक जण आता स्वतःचा माल अशा दुकानांत ठेवतात. त्यांनी लिलावात उतरण्याआधी एक आकडा काढावा. कच्चा माल, मजुरी, बांधणी, दुकानाचे कमिशन आणि पाठवणी वजा जाता एका नगावर काय उरते? आणि शंभर जणांनी माल उघडला तर किती जण विकत घेतात?

समजा कात्रीची किंमत ४८० रुपये, सर्व खर्च जाता उरतात ८०, आणि शंभरात ५ जण घेतात. पाच नगांवर मिळाले ४०० रुपये. ते शंभर उघडण्यांत वाटले तर दर उघडण्याला ४ रुपये. ही आपली शेवटची मर्यादा; यावर एक पैसाही दिला तर घरातून गेला. वरच्या उदाहरणातला विक्रेता ४ रुपये ८० पैसे देत होता. शंभर उघडण्यांचे त्याने ४८० दिले आणि ४०० कमावले. पाच कात्र्या विकून ८० रुपये गमावले. एका कात्रीमागे जाहिरातीचे ९६ रुपये झाले, म्हणजे किमतीचा पाचवा हिस्सा. हे ९६ रुपये शेवटी कोठून तरी येतातच. एक तर विक्रेता तोटा सोसतो, नाही तर किंमत वाढवतो, नाही तर हलके पोलाद आणि कच्चा रिव्हिट वापरतो. जाहिरातीच्या जागेवर असलेल्या मालाचे पाते कधी कधी हलते, त्याचे एक कारण या हिशेबात असू शकते.

मास्तरांनी शेवटी मेरठची कात्री मागवली. आता शोध घेताना ते आधी खाली जातात, पहिली बिनजाहिरातीची नोंद सापडली की तेथून मोजायला लागतात, आणि मते शंभराच्या आत असली तर कागदावर वीसची भर घालून भागाकार करतात. दुकानात शिकणाऱ्या पोरांनाही त्यांनी तो भागाकार शिकवला आहे.